साखरपुड्यातल्या पनीरचा व्हिडिओ फिरतोय, उत्तर कसं द्यावं?

पंचवटीची_सून
सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागातच असते. आज डोकं चालेनासं झालंय म्हणून हा धागा.

आम्ही नवरा-बायको नाशकात केटरिंग करतो, नऊ वर्षं झाली. दोन आचारी कायमचे, वाढपी लागतील तसे. काल २५० पानांचा साखरपुडा होता. स्टार्टरला पनीर चिली, जेवणात काजू करी, मसालेभात, जिलबी-मठ्ठा. जेवणं छान झाली, मुलीच्या वडिलांनी निघताना हातावर वरचे पाचशे ठेवले.

आज संध्याकाळी एका जुन्या गिऱ्हाइकाने व्हिडिओ पाठवला. २२ सेकंदांचा आहे. मुलाकडच्या तरुण पोरांनी पनीर चिलीच्या तुकड्यावर जखमेवर लावायचं आयोडीन टाकलंय आणि तुकडा काळाकुट्ट होतो. पोरं हसतात, संपला. त्यात आमचं नावही नाही. पण पुढे सरकता सरकता खाली मजकूर चिकटलाय: आमचं नाव, "केमिकलचं पनीर", आणि "४० जण ॲडमिट".

ॲडमिट कुणीही नाही. मुलीच्या वडिलांना लगेच फोन केला. दोन लहान मुलांना रात्री एकेक उलटी झाली, सकाळी दोघंही खेळत होती. बाकी कुणाचं काही नाही.

गुरुवारची १२० पानांची मुंज रद्द झाली. बारशावाले "बघू" म्हणताहेत, म्हणजे काय ते कळलंच. मी खालचा मजकूर लिहून ठेवलाय, सकाळी सगळ्या ग्रुपांवर टाकायचा विचार आहे:

"आमच्या प्रगतीवर जळणाऱ्या काही विघ्नसंतोषी लोकांनी सोबतचा व्हिडिओ पसरवला आहे. आम्ही केमिकलचं पनीर वापरत नाही. आमचं पनीर १०० टक्के शुद्ध आहे. ४० जण ॲडमिट ही निव्वळ अफवा आहे. बदनामी करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल."

बरोबर आहे का? काही बदलू?

---

कोर्टाची_पायरी

बदलायचं काय त्यात? हे पाठवा आणि सोबत ग्रुप ॲडमिनवर केस ठोका. ग्रुपवर काहीही आलं तरी जबाबदार ॲडमिनच असतो. आणि १९३० ला फोन करा, सायबरवाले दोन तासांत उचलतात.

---

मीनल_वानवडी

ताई, वाईट वाटलं वाचून. माझ्या डब्याच्या बाबतीत अस्संच झालं होतं. कुणीतरी ग्रुपवर टाकलं की भातात अळी निघाली. अळी नव्हती हो, जिरं होतं! मी रडून रडून सगळ्यांना फोन केले. चार डबे सुटले ते सुटलेच. बाकी तुमची पनीर चिली तुकडे एकमेकांना न चिकटता कशी होते ते सांगाल का? माझी फार लगदा होते.

---

परीक्षानळी

मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. सुनबाई, तो मजकूर सकाळी पाठवू नका. आधी एक सांगा, पनीर चिलीचे तुकडे तळण्याआधी कशात घोळवले होते?

---

पंचवटीची_सून

कॉर्नफ्लॉवर आणि थोडा मैदा, काका. रस्साही कॉर्नफ्लॉवर लावूनच दाट केला होता. सगळेच करतात.

---

परीक्षानळी

मग काळा पडणारच. आयोडीन पनीर ओळखत नाही, स्टार्च ओळखतं. कॉर्नफ्लॉवर म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्या पोरांनी तेच थेंब शेजारच्या मसालेभातावर टाकले असते तर भातही काळा-निळा झाला असता. तुमच्या काजू करीचंही तेच, काजूतही स्टार्च असतो.

ही चाचणी खोटी नाही हेही सांगतो, कारण उद्या कुणीतरी एफएसएसएआयची पुस्तिका दाखवेल. त्यात ती खरोखर आहे. पण ती कोऱ्या पनीरसाठी, खव्यासाठी. नमुना पाण्यात उकळायचा, गार करायचा, मग आयोडीनचे दोन-तीन थेंब. शिजवलेल्या, पीठ लावलेल्या पदार्थावर टाकून काही कळत नाही. मुंबईतल्या एका नावाजलेल्या हॉटेलच्या पनीरवर २०२५ मध्ये असाच व्हिडिओ निघाला होता, तेव्हाही वाद याच मुद्द्यावर आला.

तुमच्या मजकुरात मला सगळ्यात खटकलं ते हे की लोकांनी डोळ्यांनी काहीतरी पाहिलंय, तुकडा काळा पडलेला पाहिलाय, आणि तो का काळा पडला याबद्दल तुम्ही अक्षरही लिहिलेलं नाही. नुसतं "शुद्ध आहे" म्हणताय. डोळ्यांनी पाहिलेल्याला शब्दांनी उत्तर दिलं की लोक डोळ्यांवरच विश्वास ठेवतात.

---

रानमेवा

आमच्या सोसायटीच्या ३०० जणांच्या ग्रुपची मी ॲडमिन आहे, त्या बाजूने सांगते.

एक, ज्या ग्रुपवर व्हिडिओ गेलाच नाही तिथे तुमचा खुलासा गेला तर तिथल्यांना बातमी तुमच्याकडूनच कळणार. खुलासा कुणी शेवटपर्यंत वाचत नाही, "पनीर, केमिकल, ४० जण" एवढंच राहतं. तुम्ही तर व्हिडिओही जोडणार म्हणताय! पुन्हा पाठवणारे खालचा खुलासा काढून टाकतील आणि व्हिडिओ तेवढा पुढे ढकलतील.

दोन, आधी यादी करा. ज्यांनी ज्यांनी तुम्हाला व्हिडिओ पाठवला त्यांना विचारा, कोणत्या ग्रुपवर आला, किती वाजता, कुणी टाकला, आणि स्क्रीनशॉट मागा. वर दोन बाण आणि "अनेकदा फॉरवर्ड केलेला" असं दिसत असेल तर तो बाहेरून फिरत आलाय. तसं नसेल तर टाकणारा माणूस मूळ जागेच्या जवळचा.

तीन, तुम्ही स्वतः कुठेच टाकू नका. बाहेरचा केटरर येऊन ग्रुपवर स्वतःची बाजू मांडतो तेव्हा आम्हाला ती जाहिरातच वाटते. त्या ग्रुपमधलाच, शक्यतो त्या दिवशी जेवलेला माणूस बोलला पाहिजे.

---

कोर्टाची_पायरी

म्हणजे शांत बसायचं? उद्या आणखी कुणी उठेल.

---

अर्धा_वकील

पायरी, दोन दुरुस्त्या. १९३० ही हेल्पलाइन ऑनलाइन पैसे गेले तर त्यासाठी आहे, अफवेसाठी नाही. आणि ॲडमिनचं म्हणाल तर नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की सदस्याने काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा संगनमताचा हेतू दिसला पाहिजे. ॲडमिनला शत्रू करून काय मिळणार? मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकण्याची सोय त्याच्याच हातात आहे.

बदनामीचं कलम आहेच, भारतीय न्याय संहितेचं ३५६. पण कुणावर लावणार? व्हिडिओ काढणारा मुलगा नवरदेवाचा नातेवाईक. त्याने "४० जण" असं म्हटलेलंच नाही. तो मजकूर लिहिणारा कोण ते माहीत नाही. तुमच्याच यजमानाच्या व्याह्यांकडे नोटीस गेली तर ती नोटीसच पुढचा फॉरवर्ड होईल. मजकूर लिहिणारा सापडला तर वेगळी गोष्ट. तोवर पुरावा जपून ठेवा: मेसेज उघडा असताना नंबर, ग्रुपचं नाव आणि वेळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा आणि तो फोन बदलू नका. काढून टाकायला सांगणं त्यानंतर.

---

रानमेवा

काढून टाकण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पहिल्या तासात काढला तर ठीक. चारशे जणांनी पाहिल्यावर काढला तर "दाबलं" म्हणतात. त्यापेक्षा तो राहू द्यावा आणि खाली, त्यालाच रिप्लाय म्हणून, उत्तर यावं.

---

तिरकस_तात्या

सगळे सुनबाईंना धीर देताहेत म्हणून मी वाईटपणा घेतो. पनीर खरोखर पनीर होतं कशावरून? कॉर्नफ्लॉवरमुळे काळं पडलं हे मान्य, पण म्हणून ते ॲनालॉग नव्हतं हे सिद्ध होत नाही. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत बनावट पनीरवरून गदारोळ झाला तो काय उगाच? बाईंना स्वतःला तरी माहीत आहे का, डेअरीवाला काय देतो?

---

परीक्षानळी

तात्यांचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ॲनालॉग म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी पामतेलासारखं वनस्पती तेल वापरून केलेला पदार्थ. तसं लेबल लावून विकला तर कायदेशीर आहे, "पनीर" म्हणून विकला तर नाही. गंमत अशी की त्यात स्टार्च घातलेला नसेल तर आयोडीन टाकून तो पांढरा तो पांढराच राहतो, फार तर आयोडीनचा तपकिरी डाग दिसेल. म्हणजे ही चाचणी खऱ्या पनीरच्या पीठ लावलेल्या तुकड्याला नापास करते आणि पामतेलाच्या पनीरला पास करते.

म्हणून सुनबाई, तुम्ही व्हिडिओ कराल आणि कोऱ्या पनीरवर आयोडीन टाकून "बघा, निळं झालं नाही, म्हणजे आमचं शुद्ध" म्हणाल, तर त्या पोरांनी केली तीच चूक तुम्ही उलट बाजूने कराल. प्रयोगातून एवढंच म्हणता येतं की तुकडा काळा पडला तो कॉर्नफ्लॉवरमुळे. तिथेच थांबायचं.

पनीर कसलं होतं याला दुसरा पुरावा लागतो. त्या दिवसाचं बिल आहे? त्यावर डेअरीचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे? भाव काय लावलाय? म्हशीच्या पाचेक लिटर दुधाचं एक किलो पनीर होतं, तुमच्याकडच्या दुधाच्या भावाने हिशोब करा. त्याच्या निम्म्यात कुणी किलोभर देत असेल तर ते दुधाचं नाही, तपासायचीही गरज नाही. आणि त्या दिवशीच्या पदार्थांचे नमुने फ्रीजमध्ये ठेवले होते का?

---

पंचवटीची_सून

नमुने ठेवत नाही काका. बिल आहे. नुसतं "पनीर १५ किलो" आणि रक्कम. परवाना क्रमांक नाही. भाव दुधाच्या हिशोबात बसतो, मी आत्ताच करून पाहिला. तात्या, राग नाही. रात्रभर तोच विचार करतेय. नऊ वर्षं एकाच डेअरीतून घेतो, विचारलंच नाही कधी.

---

परीक्षानळी

मग "१०० टक्के शुद्ध" हे शब्द आधी खोडा. तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट तुम्ही छातीठोकपणे सांगताय, आणि उद्या काही निघालं तर तेच वाक्य तुमच्या गळ्यात येईल.

आजच त्या डेअरीतून अर्धा किलो घ्या, बर्फात ठेवून एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या. मागताना नीट मागा. नुसतं "फॅट किती" विचारलंत तर पामतेलही फॅटच आहे, आकडा झकास येईल. पाणी किती, कोरड्या वजनावर मिल्क फॅट किती, स्टार्च, आणि वनस्पती तेलाची भेसळ, म्हणजे बीटा-सिटोस्टेरॉल. ते वनस्पतींच्या तेलात असतं, दुधाच्या फॅटमध्ये नाही. नियमाप्रमाणे पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि कोरड्या भागात मिल्क फॅट निदान ५० टक्के हवं.

डेअरीवाल्याला आधी सांगू नका.

---

डॉक्टरीण_बाई

दोन मुलांच्या उलट्यांकडे दुर्लक्ष करू नका. "कुणालाही काहीही झालं नाही" असं लिहिलंत आणि त्या मुलांची आई त्याच ग्रुपवर असली तर संपलंच. आधी त्या घरी फोन करा. खुलाशासाठी नाही, मुलं कशी आहेत ते विचारायला. मग बोलता बोलता, किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, उलटी किती वाजता, जुलाब-ताप होता का.

बाहेर राहून गेलेल्या अन्नात तयार झालेलं विष असेल तर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात, आणि तो पदार्थ खाल्लेल्या बऱ्याच जणांना होतात. २५० पानांत दोन मुलं असतील तर शक्यता कमी, पण शून्य म्हणणार नाही. दोघांनी मिळून असं काही खाल्लं का जे बाकीच्यांनी खाल्लं नाही, तेही विचारा.

---

कोर्टाची_पायरी

एफडीएलाच बोलवा ना तपासायला. सरकारी शिक्का मिळेल.

---

परीक्षानळी

बोलावता येतं, सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे स्वतःहून पत्र द्यायलाही हरकत नाही. पण गाडी दारात उभी राहिली की "धाड पडली" असा फोटो निघणार. आणि तेही आजचाच नमुना नेणार, रविवारचा नाही. पत्र देऊन पोच घेऊन ठेवा, वर्तमानपत्रवाला आला तर दाखवायला. माझ्या मते एवढंच. अर्धा वकील यांचं मत वेगळं असेल.

---

अर्धा_वकील

थोडं वेगळं आहे. मी म्हणेन, पाहणी लेखी मागा. पण धंदा तुमचा, जोखीम तुमची.

---

पंचवटीची_सून
बुधवार, दुपारी ३:१५

तुमच्यामुळे तो मजकूर पाठवला नाही. काय काय झालं ते सांगते.

स्क्रीनशॉट गोळा केले. मला वाटत होतं अख्ख्या नाशकात गेलाय, प्रत्यक्षात सात ग्रुप निघाले. दोन मुलाकडच्या नातेवाइकांचे, तीन सिडकोतल्या सोसायट्यांचे, एक महिला मंडळाचं, एक आमच्याच केटररांचं. आमच्या धंद्यातल्या ग्रुपवर "४० जण" सगळ्यात आधी आलंय, सोमवारी दुपारी. त्याच्या आधीच्या स्क्रीनशॉटमध्ये ती ओळ नाही. काय समजायचं ते समजले. रेकॉर्डिंग करून ठेवलंय.

मुलांच्या आईशी बोलले. बिचारी चांगली निघाली. दोघांनी जेवणाआधी कार्यालयाबाहेर बर्फाचे गोळे खाल्ले होते, वर चार-चार जिलब्या. गोळ्यांमुळेच झालं असं मी कुठेही म्हणणार नाही, ते मला माहीत नाही.

मग प्रयोग केला, आणि पहिल्यांदा साफ फसला! चिलीचा तुकडा कढईतून काढला, लगेच आयोडीन टाकलं, तर काळा होईचना. नवरा म्हणाला, झालं, आता आपणच आपल्याला खोटं ठरवलं.

---

परीक्षानळी

गरम होता ना! उष्णतेने तो निळा रंग जातो. म्हणून तर पुस्तिकेत आधी गार करायला सांगितलंय.

---

पंचवटीची_सून

हो, दहा मिनिटांनी तोच तुकडा पुन्हा पाहिला तर हळूहळू काळा. मग चार बश्या मांडल्या: उकडलेला गार बटाटा, भात, कोरं पनीर, कॉर्नफ्लॉवर लावून तळलेलं पनीर. पनीर त्याच डेअरीचं, लादीतून कापताना दाखवलं. चौघांवर थेंब टाकले. बटाटा, भात आणि तळलेलं पनीर काळं, कोऱ्यावर नुसता तपकिरी डाग. ४० सेकंदांत बसवलं. "शुद्ध" शब्द नाही.

मुलीच्या वडिलांकडे घेऊन गेले. त्यांना आधी वाटलं भांडायला आले. बश्यांचा व्हिडिओ पाहून त्यांनी स्वतःच्या घरात आयोडीन आणून पोळीवर टाकलं आणि हसायलाच लागले. मजकूर त्यांनीच लिहिला, मी फक्त एक ओळ घालायला लावली:

"रविवारी माझ्या मुलीच्या साखरपुड्याला आपण सगळे होतो. पनीर चिली कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवलेली होती, आयोडीनने कॉर्नफ्लॉवर काळं पडतं, बटाटाही पडतो, घरी करून पाहा. आमच्याकडचं कुणीही दवाखान्यात नाही. दोन मुलांना रात्री उलटी झाली होती, ती दुसऱ्या दिवशी बरी होती. पनीरचा नमुना तपासायला दिलाय, अहवाल आला की टाकतो."

उलटीची ओळ माझी. ते नको म्हणत होते.

नातेवाइकांच्या दोन्ही ग्रुपांवर त्यांनी टाकलं, सोसायट्यांच्या ग्रुपांवर तिथल्या जुन्या गिऱ्हाइकांनी, सगळीकडे त्या व्हिडिओलाच रिप्लाय म्हणून. महिला मंडळात ॲडमिनने आधीच व्हिडिओ काढला होता, तिथे काहीच टाकलं नाही. व्हिडिओ काढणाऱ्या पोराने स्वतः आत्याच्या ग्रुपवर लिहिलं, "मी टेस्ट चुकीची केली, नाव मी टाकलं नव्हतं." १९ वर्षांचा आहे. त्याला कुणी काही बोलू नका असं मीच सांगितलंय.

---

रानमेवा

सोसायट्यांमध्ये प्रतिसाद काय?

---

पंचवटीची_सून

एका ठिकाणी लोकांनी भाकरी, साबुदाणा, बिस्किट, दिसेल त्यावर आयोडीन टाकून फोटो टाकायला सुरुवात केली, विषयच बदलला. दुसऱ्या ठिकाणी एक काका "आग असल्याशिवाय धूर नाही" म्हणत बसलेत. तिसऱ्या ठिकाणी सगळे गप्प. बारसं नक्की झालं. मुंज दुसऱ्या केटररकडे गेली, ती परत येणार नाही.

---

तिरकस_तात्या

अहवाल?

---

पंचवटीची_सून
पुढचा मंगळवार, रात्री ९:०५

आला. स्टार्च नाही, वनस्पती तेल नाही, मिल्क फॅट नियमात. पाणी मात्र ६२ टक्के, म्हणजे दोन टक्के जास्त. डेअरीवाल्याला दाखवला, तो म्हणाला लादी नीट दाबली नसेल. काका, हा अहवाल असाच ग्रुपवर टाकू का? नवरा म्हणतो पाण्याची ओळ झाकून टाक.

---

परीक्षानळी

झाकू नका. पूर्ण टाका आणि पाण्याबद्दल तुम्हीच लिहा: दाब कमी पडला, डेअरीला सांगितलंय. पाणी जास्त म्हणजे तुम्हाला किलोमागे पनीर कमी मिळालं, खाणाऱ्याला त्यातून अपाय नाही, पण नियमात ते बसत नाही हे खरंच आहे. झाकलेली ओळ कुणीतरी विचारणारच.

---

अर्धा_वकील

मी असतो तर थांबलो असतो. नियमात न बसणारा आकडा स्वतःच्या नावाने जाहीर करणं म्हणजे स्पर्धकाच्या हातात कागद देणं. नवीन नमुना पाठवा, तो पास झाला की दोन्ही एकत्र टाका.

---

तिरकस_तात्या

आणि दोन्ही अहवाल रविवारच्या पनीरचे नाहीतच.

---

पंचवटीची_सून

नाहीत तात्या. त्या रविवारचं आता कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. परवापासून प्रत्येक पदार्थाची छोटी डबी तारीख टाकून फ्रीजमध्ये ठेवतेय, तीन दिवसांनी फेकते. डेअरीवाल्याकडून परवाना क्रमांक असलेलं बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, नऊ वर्षांत आजच का?" अजून दिलेलं नाही. रविवारच्या ऑर्डरला दुसरीकडून घेतेय.

अहवालाचं उद्या सकाळी ठरवते. मुलीच्या वडिलांनी "टाकतो" असा शब्द दिलाय, त्यामुळे टाकावा तर लागेलच.

---

मीनल_वानवडी

ताई, मग कॉर्नफ्लॉवरऐवजी नुसता मैदा लावला तर काळं पडणार नाही ना? आणि लगद्याचं तुम्ही सांगितलंच नाही.

---

परीक्षानळी

मैदाही काळाच पडेल हो.

---

पंचवटीची_सून

मीनलताई, पनीर आधी पंचावर पसरून कोरडं करा, पीठ लावल्यावर पाच मिनिटं थांबा, आणि कढईत एका वेळी मूठभरच सोडा. ओलं पनीर असलं की लगदा होतोच. माझंही त्या दिवशी पहिल्या घाण्याला थोडं चिकटलं होतं, आता कळलं का ते.